दुसऱ्याच्या तोंडून निरोप

जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या जुन्या शिक्षकांच्या जन्मतारखा विचारत गेलात तर १ जून ही तारीख पुन्हा पुन्हा कानावर येते. पूर्वी जन्माची नोंद नसलेलं पोर शाळेत आणलं की गुरुजी त्याच्याकडे बघून वय लावायचे आणि रजिस्टरात १ जून टाकून मोकळे व्हायचे. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, त्यामुळे हिशेबालाही ते सोपं. त्यातलीच काही पोरं पुढं स्वतः गुरुजी झाली. सरकारी नियम असा की ज्या महिन्यात वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिक्षक निवृत्त होतो. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे १ जूनवाले झाडून सगळे ३१ मे रोजी घरी.

आता ३१ मे हा दिवस कसा असतो ते बघा. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. बदलीच्या गावी नोकरी करणारे सगळे आपापल्या मूळ गावी गेलेले. लग्नसराईचा हंगाम संपत आलेला, पण संपलेला नाही. त्यात एकाच तालुक्यात एकाच दिवशी दोन-तीन सेवापूर्ती सोहळे. ज्यांच्याबरोबर त्या माणसानं आयुष्य काढलं, त्यातली निम्मीअधिक माणसं मांडवात नसतातच. ती मग लिहून पाठवतात आणि ते कुणीतरी माईकवर वाचून दाखवतं. तालुक्यात सूत्रसंचालन बहुधा माझ्या गळ्यात पडतं, त्यामुळे असे कागद आणि असे मेसेज माझ्याकडे येत राहतात. त्यातले बरेचसे वाचले जातात आणि ऐकले जात नाहीत. लिहिणाऱ्याची माया खोटी नसते. पण आपण लिहिलेलं दुसरा माणूस, दुसऱ्या आवाजात, भर सभेत उभा राहून वाचणार आहे, हे लिहिताना त्याच्या मनात नसतं. घोळ तिथंच होतो.

न येणाऱ्याचा संदेश वाचायची चाल आपल्याकडे तारेनं रुजवली. लग्नाच्या मांडवात आलेल्या तारा वाचून दाखवायच्या, हे पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल. पोस्टाकडे शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांची यादीच असायची आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक असायचा. फॉर्मवर नुसता क्रमांक लिहिला की पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, पण ती वाक्यं काही गेली नाहीत. ‘भावी आयुष्य सुखसमृद्धीचे व आरोग्यदायी जावो’ हे आजही प्रत्येक संदेशाच्या शेवटी येतं आणि ते क्रमांकावरून आल्यासारखंच वाटतं. तारेचा एक गुण मात्र आपण तारेबरोबर घालवला. शब्दाला पैसे पडत, म्हणून माणूस आखडून लिहायचा. आता व्हॉट्सॲपवर शब्द फुकट झाले आहेत आणि त्याची किंमत ऐकणारे मोजतात.

मोठ्या माणसांनीही हे काम थोडक्यात उरकलेलं आहे. १९१३ साली रवींद्रनाथ टागोरांना नोबेल मिळालं तेव्हा ते स्टॉकहोमला गेले नव्हते. मेजवानीच्या वेळी ब्रिटिश वकिलातीच्या अधिकाऱ्यानं त्यांची तार वाचून दाखवली, आणि त्या तारेत एकच वाक्य होतं. १९५४ साली हेमिंग्वेचं भाषण अमेरिकेच्या राजदूतानं वाचलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आफ्रिकेत पाठोपाठ दोन विमान अपघातांत हेमिंग्वे जबर जखमी झाला होता. पण भाषणात त्या अपघातांचा शब्दही नाही. जे काही मिनिटं मिळाली ती त्यानं सगळी लेखनाच्या कामाविषयी वापरली. हे मला फार शिकण्यासारखं वाटतं, कारण आपल्याकडे संदेशाचा पहिला अर्धा भाग आपण का आलो नाही यातच जातो.

तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांच्या सेवापूर्तीला आलेला संदेशही नेमका तसाच होता. त्यांच्याबरोबर द्विशिक्षकी शाळेत बरीच वर्षं काढलेल्या एक शिक्षिका आंतरजिल्हा बदलीनं आपल्या जिल्ह्यात परत गेल्या होत्या. त्यांनी आदल्या दिवशी दुपारी मला मजकूर पाठवला. सुरुवात अशी होती: ‘आदरणीय सर, सर्वप्रथम आपल्या सेवापूर्तीनिमित्त मनःपूर्वक शुभेच्छा. आजच्या या आनंदाच्या व भावुक प्रसंगी मी उपस्थित राहू शकले नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त करते. माझ्या दिरांच्या मुलीचं लग्न दोनच दिवसांवर आलेलं असून घरात पाहुणे आहेत व सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असल्यामुळे...’ असं करत सासूबाई चालायला लागेपर्यंत मजकूर पुढं गेला होता. मग सर आले: शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय, मनमिळाऊ, हसतमुख. ही पाचही विशेषणं मानपत्रात छापून झाली होती आणि व्यासपीठावरचे सगळे वक्ते ती पुन्हा म्हणणार होते. आणि अगदी तळाशी, शुभेच्छांच्या आधी, अर्धी ओळ: ‘पेन्सिलीची हजेरी मी कधी विसरणार नाही.’

मी त्यांना फोन लावला. “मॅडम, हे पेन्सिलीचं काय ते जरा नीट सांगा ना.”

“अहो, ते असंच आपलं. त्यात काय सांगायचं?” असं म्हणून त्यांनी बराच वेळ सांगितलं. शाळा वाडीवरची, दोन खोल्या, पहिली ते चौथी. धनगर वस्तीवरची काही पोरं सकाळी शेरडं सोडून यायची, त्यामुळे त्यांना रोज उशीर. शाळा साडेदहाला भरायची. सर तेव्हा हजेरीपटावर नुसते पेन्सिलीचे ठिपके द्यायचे. अकरा-सव्वाअकराला वस्तीवरची पोरं धापा टाकत आली की पेन काढून हजेरी पक्की करायचे. “मी नवीन होते. मला वाटलं, सरांना कामाचा कंटाळा आहे. मग एकदा सर रजेवर होते, तर मी साडेदहालाच पेनानं हजेरी घेऊन टाकली. वस्तीवरची सगळी गैरहजर. त्यातलं एक पोर दाराशी आलं, हजेरी झाली म्हटल्यावर तिथूनच मागं फिरलं. दोन दिवस आलं नाही. सर आल्यावर मला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त त्यांची पेन्सिल माझ्या टेबलावर ठेवली.”

मॅडमच्या सगळ्या मजकुरात वाचण्यासारखं एवढंच होतं, आणि तेच त्यांनी अर्ध्या ओळीत उरकलं होतं. असं जवळजवळ प्रत्येक वेळी होतं. जी गोष्ट आपल्याला पक्की ठाऊक असते ती सांगण्याजोगी आहे असं वाटतच नाही, आणि जी सगळ्यांनाच ठाऊक असते ती मात्र आपण सविस्तर लिहितो. संदेश मागवणाऱ्यानं एक साधी सवय ठेवावी: मजकूर आला की फोन करून, त्यात उरकून टाकलेली ओळ कुठली आहे, ती विचारावी.

पण अडचण वेगळीच निघाली. सोहळ्याला प्रमुख पाहुणे म्हणून गटशिक्षणाधिकारी येणार होते. हजेरीपट हा काही घरगुती कागद नव्हे. त्या दिवशी किती पोरांना पोषण आहार शिजवायचा, याची नोंद हजेरीवरून होते. ‘हजेरी पेन्सिलीनं’ हे शब्द शिक्षकाच्या कानाला माया वाटतात आणि साहेबाच्या कानाला खाडाखोड. निवृत्त माणसाचं सगळं मार्गी लागलेलं असतं तर गोष्ट वेगळी. पण सरांचं निवृत्तिवेतनाचं प्रकरण अजून पंचायत समितीत होतं, सेवापुस्तकाची पडताळणी चालू होती. जो माणूस मांडवात नाही तो लिहून जातो. त्याचे परिणाम मांडवात बसलेल्याला भोगावे लागतात. समोर कोण कोण बसणार आहे ते लांबून लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून वाचणाऱ्यानं ते बघायचं असतं. पण बघायचं म्हणजे आपल्या मनानं कापायचं नाही. मजकूर त्यांचा आहे, खाली नाव त्यांचं जाणार आहे. मी पुन्हा फोन केला.

“असं म्हणता? मग पेन्सिल काढून टाका,” मॅडम म्हणाल्या. “सर हजेरी उशिरा घ्यायचे, एवढंच राहू द्या. ते तर खोटं नाही.”

पेन्सिल गेली याचं मला वाईट वाटलं, कारण जीव तिच्यातच होता. पण त्यांचं बरोबर होतं. मग फोनवरच आम्ही दोघांनी मजकूर नव्यानं बसवला. तो शेवटी असा झाला:

‘घरात लग्न आहे, म्हणून मला येता आलं नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी वाडीच्या शाळेत रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला सरांची एक गोष्ट खटकली. शाळा भरायची साडेदहाला आणि सर हजेरी घ्यायचे अकरा वाजून गेल्यावर. मी मनात म्हटलं, सरांना कामाचा कंटाळा दिसतो. एकदा सर रजेवर होते. मी साडेदहाच्या ठोक्याला हजेरी घेतली. वस्तीवरची पोरं शेरडं सोडून यायची, त्यांना उशीर व्हायचा. त्या दिवशी ती सगळी गैरहजर लागली. त्यातला एक मुलगा दारात आला, हजेरी झाली हे त्यानं ऐकलं आणि तिथूनच परत गेला. तो दोन दिवस शाळेत आला नाही.

सर रजेवरून आले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला हजेरी घ्यायला सांगितली आणि स्वतः दारात जाऊन उभे राहिले. वस्तीवरचं शेवटचं पोर आत आलं तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, आता घ्या.

सर, आता माझ्या नव्या शाळेत मी अकराला हजेरी घेते. तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.’

दारात उभं राहण्याचं हे नव्यानं बसवताना मॅडमना आठवलं. पेन्सिल काढली नसती तर ते वर आलं नसतं. मजकूर एकशे तीस शब्दांच्या आसपास भरला. माईकवर, सावकाश, थांबून थांबून वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे मराठी शब्द होतात. विभक्तिप्रत्ययांनी आपले शब्द लांब होतात, ‘विद्यार्थ्यांच्याबरोबरच्यांनासुद्धा’ असे डबे जोडत जातात. घरी मनातल्या मनात वाचताना हा हिशेब कळत नाही, कारण डोळा जिभेच्या दुप्पट पळतो. दोन पानी पत्र माईकवर पाच-सहा मिनिटं घेतं, आणि न आलेल्या माणसासाठी सभा इतकी थांबत नाही. दोन मिनिटं ऐकतात. तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेत भांड्यांचा आवाज सुरू होतो.

या मजकुरातली एक बारीक गोष्ट दाखवतो. सुरुवातीपासून ‘सर’ तृतीयपुरुषी आहेत: सर घ्यायचे, सर म्हणाले. ती गोष्ट सभेला सांगितली जाते आहे. फक्त शेवटच्या दोन वाक्यांत ‘तुम्ही’ येतं, तेव्हा वाचणाऱ्यानं कागदावरून नजर उचलून सत्कारमूर्तींकडे वळायचं. सगळं पत्र ‘तुम्ही, तुम्ही’ असं असेल तर सभेला दुसऱ्याचं पत्र चोरून ऐकल्यासारखं वाटतं आणि सत्कारमूर्तींना चेहरा कुठं ठेवावा कळत नाही. याच्याहून अवघड असतं ते ‘तू’. बरोबरीचे मित्र एकमेकांना अरे-तुरे करतात, तसंच लिहून पाठवतात: ‘अरे, तुला आठवतं का, आपण एसटीच्या टपावर...’ आता हे वाचायला उभा केलेला असतो नोकरीला लागून दोन वर्षं झालेला पोरगा. तो मुख्याध्यापकांना भर सभेत ‘अरे’ म्हणतो आणि सगळा मांडव हसतो. आठवण वाहून जाते. अशा वेळी मजकूर बदलू नये, वाचणारा बदलावा. सत्कारमूर्तींच्या वयाचा, त्यांना अरे-तुरे करू शकणारा एखादा निवृत्त मित्र पहिल्या रांगेत हमखास असतो. त्याच्या हातात कागद द्यावा.

बाईमाणसाचा मजकूर पुरुषानं वाचायचा तर आपल्या भाषेत आणखी एक पेच येतो, कारण क्रियापद लगेच सांगून टाकतं. ‘मी रुजू झाले तेव्हा...’ असं मिशीवाल्या माणसाच्या तोंडून आलं की एका ओळीत हशा पिकतो. काहीजण ते ‘मॅडम असं म्हणतात की त्या रुजू झाल्या तेव्हा त्यांना...’ असं उलथवून वाचतात. त्यानं संदेशाचा पंचनामा होतो. त्यापेक्षा दोन उपाय आहेत. पहिला, वाचायला बाईच द्यावी; आम्ही शेजारच्या शाळेतल्या एका मॅडमना तयार केलं. तसं कुणी नसेल तर वाचण्याआधी एक वाक्य स्पष्ट बोलावं: ‘आता जे ऐकाल ते अमुक मॅडमच्या शब्दांत,’ मग दोन श्वास थांबावं आणि सुरू करावं. त्या थांबण्यानं सभा आवाज विसरून शब्दांकडे जाते. थांबला नाहीत तर नाही जात. कोण, कुठून, सत्कारमूर्तींबरोबर किती वर्षं, हे सगळं याच एका वाक्यात निवेदकानं सांगायचं, म्हणजे मजकुरात ओळख लिहावी लागत नाही. न येण्याचं कारणही खरं तर इथंच येऊन जाऊ शकतं.

कार्यक्रमपत्रिकेत हे वाचन कुठं ठेवायचं, यावर मी अनेकदा भांडलो आहे. रूढ पद्धत अशी: दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मानपत्र, मग मनोगतं, सत्कारमूर्तींचं उत्तर, अध्यक्षीय भाषण, आणि आभारांच्या आधी ‘आलेल्या शुभेच्छा संदेशांचं वाचन’. तोवर जेवणाचा वास आलेला असतो. शिवाय सत्कारमूर्ती बोलून बसलेले असतात, म्हणजे त्या संदेशाला त्यांनी उत्तर देण्याची वाटच बंद. संदेश सत्कारमूर्तींच्या बोलण्याच्या आधी, दुसऱ्या-तिसऱ्या मनोगतानंतर वाचावा. पदाधिकाऱ्यांची लेटरहेडवरची पत्रं असतात, त्यांची फक्त नावं घ्यावीत. ती पूर्ण वाचावीत असं पाठवणाऱ्यांनाही वाटत नसतं.

मजकूर सत्कारमूर्तींना न पाठवता वाचणाऱ्याला पाठवावा, आणि तोही निदान एक दिवस आधी. हे उघड वाटतं, पण बरेच लोक हौसेनं सत्कारमूर्तींच्याच व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि मग ‘तेच वाचा’ म्हणतात. ऐन वेळी आलेल्या मजकुराचे धोके पुष्कळ असतात. एकदा दूरच्या तालुक्यातून एका जुन्या सहकाऱ्याचा फार जिव्हाळ्याचा संदेश आला. शेवटी होतं, ‘तुम्हा उभयतांना दीर्घायुष्य लाभो, सौ. वहिनींना नमस्कार.’ वहिनी त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. बदलीनंतर संपर्क तुटलेल्या त्या माणसाला ते कळलंच नव्हतं. मजकूर आदल्या दिवशी आला होता म्हणून सत्कारमूर्तींच्या मुलाला विचारता आलं आणि पाठवणाऱ्याला फोन करता आला. त्यानं फोनवर बराच वेळ काही बोललंच नाही, मग शेवटची ओळ स्वतः बदलून पाठवली. ‘सौ.’, ‘सपत्नीक’, ‘उभयता’, ‘मुलाबाळांसह’ हे चार शब्द दिसले की घरच्या माणसाला विचारल्याशिवाय वाचायचे नाहीत, असं मी तेव्हापासून धरून आहे.

दुसरा नेहमीचा घोटाळा टायपिंगचा. बऱ्याच कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत अजून युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये टंकन चालतं. अशी फाइल मोबाइलवर उघडली की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्यासारखा दिसतो, आणि तो तसा दिसला की समजावं, तो फॉन्ट आपल्याकडे नाही. त्यासाठी फाइल कुठं बदलत बसू नये. पाठवणाऱ्याला सांगावं, कागदाचा फोटो पाठवा किंवा पीडीएफ करून पाठवा. ऐन कार्यक्रमाच्या सकाळी एवढंच हाताशी असतं.

व्हॉइस मेसेज किंवा व्हिडिओ पाठवण्याची हौस आता वाढली आहे. त्या माणसाचा खरा आवाज येतो हे खरंच. पण मंगल कार्यालयात मोबाइल माईकसमोर धरला की आवाज फाटतो, शब्द कळत नाहीत, आणि मागच्या लोकांना नुसती कुरकुर ऐकू येते. साउंडवाल्याकडे मोबाइलची वायर आहे का ते आधी विचारलेलं असेल आणि एकदा लावून ऐकलेलं असेल तरच तो मार्ग धरावा. एरवी कागद बरा. कागदही खराखुरा कागदच हवा, मोबाइलचा पडदा नको. वाचता वाचता कुणाचा तरी कॉल येतो, नाव पडद्यावर झळकतं, वाचणाऱ्याचं बोट चुकून भलतीकडे लागतं आणि मजकूर वर सरकतो. अठरा पॉइंटमध्ये छापून घ्यावा, वाक्य पान उलटताना तुटू नये, आणि सालं अक्षरांत लिहावीत. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांच्यात भर सभेत अडखळणारे मी फार पाहिले आहेत, आणि त्यात तरुण अधिक. शेवटची गोष्ट: वाचणाऱ्यानं मजकूर आधी एकदा मोठ्यानं वाचून बघावा. मनात वाचून ती जागा सापडत नाही जिथं गळा भरून येणार असतो.

वाडीच्या शाळेच्या त्या सोहळ्यात शेजारच्या मॅडमनी मजकूर नीट वाचला. ‘आता घ्या’ इथं त्या थांबल्या, त्यानंतर सरांकडे वळून शेवटची दोन वाक्यं म्हणाल्या. टाळ्या लगेच आल्या नाहीत, थोड्या उशिरा आल्या. मग सर उत्तराला उठले. मानपत्रातल्या विशेषणांबद्दल त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, जुन्या मुख्याध्यापकांची नावं घेतली, आणि मग म्हणाले, “मॅडमनी एक सांगितलं नाही. मी साडेदहाला पेन्सिलीनं लावून ठेवायचो. नंतर पेनानं.” गटशिक्षणाधिकारी साहेब शेजारीच बसले होते. ते मान खाली घालून हसले. ते स्वतः शिक्षक म्हणूनच नोकरीला लागले होते, हे मला त्यांच्या अध्यक्षीय भाषणात कळलं.

मी मॅडमना सोहळ्यानंतर फोन करून हे सगळं सांगितलं. पाठवणाऱ्याला हा फोन करणं राहून जातं, आणि त्याला महिनाभर कळत नाही की आपला संदेश वाचला की नाही. कागद सरांच्या फाइलमध्ये मानपत्राच्या मागं लावून दिला. त्यावर मॅडमची सही नव्हती, म्हणून त्यांनी पुढच्या आठवड्यात त्याच मजकुराची हातानं लिहिलेली प्रत पोस्टानं सरांच्या घरी पाठवली. तीत पेन्सिल परत घातली होती.